रूमवर एकट्या असलेल्या मित्राला वाढदिवसाचा मेसेज: काय लिहायचं आणि किती वाजता पाठवायचा?

रात्री बाराच्या ठोक्याला फोन वाजायला लागतो. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, जुन्या क्रिकेट टीमचा ग्रुप. केकचे इमोजी, फुलांचे फोटो, 'हॅपी बर्थडे भावा'. साडेबारापर्यंत पन्नासेक मेसेज येतात. सगळ्यांना एकदम 'थँक्स' लिहून तो मुलगा झोपतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तोच मुलगा हॉस्टेलच्या खोलीत एकटा बसलेला असतो. तेव्हा फोन शांत असतो, कारण सगळ्यांनी शुभेच्छा देऊन झालेल्या असतात.

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी लांब गेलेल्या अनेकांचा वाढदिवस असाच जातो. मेसेज कमी येतात असं नाही. ते सगळे एकाच वेळी येतात आणि त्यातला कुठलाही मेसेज खास त्याच्यासाठी लिहिलेला नसतो. मग अशा मित्राला नेमकं काय लिहायचं? एक उदाहरण घेऊन समजून घेऊ.

समजा, मित्र श्रीपेरुंबुदूरला आहे

इचलकरंजीचा एक मुलगा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमधल्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. गावापासून जवळपास हजार किलोमीटर लांब. एका खोलीत तिघं राहतात, बाकीचे दोघं तमिळनाडूतलेच. जेवण हॉस्टेलच्या मेसमध्ये.

त्याचा वाढदिवस १६ जानेवारीला. नेमकी ही तारीख पोंगलच्या सुट्ट्यांमध्ये येते. पोंगल हा तमिळनाडूतला मोठा सण, चार दिवस चालणारा. दोघं रूममेट गावी गेलेत. मेसचा आचारीही घरी गेलाय. कारखाना बंद आहे, पण सुट्टी इतकी छोटी की इचलकरंजीला जाऊन परत येणं परवडत नाही. एरवी कामावर असता तर आठ तास तरी माणसांत गेले असते. आता अख्खा दिवस मोकळा आहे आणि खोलीत दुसरं कुणी नाही.

त्याचा लहानपणापासूनचा मित्र इचलकरंजीतच आहे, वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतो. तो रात्री बाराला असा मेसेज टाकतो:

> हॅपी बर्थडे भावा! आज काय प्लॅन? पार्टी कधी देतोयस? घरी असतास तर राडा केला असता. मिस यू!

मेसेजमध्ये वाईट काही नाही. प्रेमानंच लिहिलाय. तरीही हा मेसेज वाचून त्या मुलाला बरं वाटण्यापेक्षा अवघडल्यासारखं होण्याची शक्यता जास्त आहे.

या मेसेजमध्ये काय चुकलं?

पहिली अडचण आहे 'आज काय प्लॅन?' या प्रश्नाची. प्लॅन नाहीच, हे विचारणाऱ्यालाही अंदाजानं माहीत असतं. पण प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं. आता त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. एकतर 'काही नाही रे, रूमवरच आहे' असं लिहून आपण एकटे आहोत हे कबूल करायचं, नाहीतर 'बघू, मित्रांबरोबर जाईन' असं खोटं सांगायचं. बहुतेक जण दुसरा पर्याय घेतात. एकदा ते खोटं बोललं की रात्री 'जाम बोअर होतंय, फोन करू का?' असं विचारणंही अवघड होऊन बसतं.

दुसरी अडचण 'घरी असतास तर' या वाक्याची. लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की आम्हाला तुझी आठवण येते. वाचणाऱ्याला मात्र त्यातून आज काय काय होऊ शकलं असतं आणि होणार नाही, एवढंच दिसतं. ते त्याला आधीच माहीत आहे. सकाळी आई औक्षण करणार नाही, हे मित्रानं पुन्हा सांगायची गरज नसते.

तिसरी अडचण अशी की हा मेसेज कुणालाही पाठवता आला असता. यात त्या मुलाबद्दल एकही गोष्ट नाही. फॉरवर्ड केलेल्या फोटोचं तर याहून अवघड. व्हॉट्सॲपवर २०१८ पासून फॉरवर्ड केलेल्या मेसेजच्या वर तसा शिक्काच दिसतो. मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढे पुढे गेलेला असेल, तर दुहेरी बाण येतो. म्हणजे सुंदर फुलांचा फोटो उघडण्याआधीच कळतं की हा दुसऱ्या कुणाकडून तरी आलेला माल आहे.

मग चांगला मेसेज कसा दिसतो?

त्याच मित्रानं हा मेसेज पाठवला असता तर?

> भावा, वाढदिवसाच्या शुभेच्छा! दिवाळीत तू चार नंबरच्या मागाला पट्टा बसवून गेलास, तो अजून एकदाबी सरकला नाही. काल मी हात लावाय गेलो तर आण्णा म्हणाले, "त्यानं बसवलाय, हात लावू नकोस त्याला." रूमवर आज कोण नाही, मेस बंद हाय, म्हाईत हाय मला. दिवस जरा लांबणार. रात्री साडेआठला आम्ही तिघं चौकातल्या चहाच्या गाड्यावर असणार, तिथनं व्हिडिओ कॉल करतो. आधी जेवून घे. रिप्लाय आत्ता नाही दिलास तरी चालतंय.

यात सुंदर शब्द नाहीत, कविता नाही. तरी प्रत्येक वाक्य काहीतरी काम करतं. एकेक पाहू.

*मागाच्या पट्ट्याची गोष्ट.* ही फक्त या दोघांना माहीत असलेली गोष्ट आहे, त्यामुळे मेसेज त्याच्यासाठीच लिहिलाय हे पहिल्याच ओळीत कळतं. शिवाय ती जुनी नाही, कालची आहे. 'आठवतंय का, शाळेत असताना...' असं लिहिलं तरी छान वाटतं, पण त्यातून 'ते दिवस गेले' असाही सूर लागू शकतो. कालची गोष्ट सांगितली की अर्थ बदलतो. तो हजार किलोमीटर लांब आहे, तरी त्यानं केलेलं काम इथं रोज चालतंय आणि मित्राचे वडील त्याच्या नावानं ते जपतायत. 'आम्ही तुला विसरलो नाही' हे वाक्य न लिहिता ते सांगून होतं.

*'रूमवर आज कोण नाही, म्हाईत हाय मला.'* परिस्थिती एका वाक्यात मान्य केली आणि विषय संपवला. आता त्याला खोटा प्लॅन सांगावा लागत नाही. इथं 'बिचारा', 'किती वाईट वाटत असेल', 'स्ट्राँग राहा' असे शब्द नाहीत, हेही महत्त्वाचं. कीव आली की समोरचा लगेच 'अरे मी मजेत आहे' म्हणून मोकळा होतो आणि बोलणं तिथंच थांबतं.

*'रात्री साडेआठला.'* 'कधीही फोन कर' या वाक्यात फोन करण्याची जबाबदारी एकट्या माणसावर टाकलेली असते. एकटं वाटत असताना आपणहून फोन लावणं सगळ्यात जड जातं. वेळ ठरवून दिली आणि 'मी करतो' असं सांगितलं, की ते ओझं राहत नाही. संध्याकाळी एक ठरलेली गोष्ट आहे, हे दुपारपासून माहीत असतं. मेस बंद असली तरी साडेआठच्या आधी बाहेर जाऊन जेवून यायला एक कारण मिळतं.

*'रिप्लाय नाही दिलास तरी चालतंय.'* वाढदिवशी पन्नास जणांना 'थँक्स' लिहिणं हेही एक कामच असतं. त्यातून एका माणसानं सुट्टी दिली.

नेमके शब्द सुचत नसतील तर?

अनेक जण इथंच अडकतात. काहीतरी मनापासून लिहायचं असतं, पण नीट जमणार नाही, समोरच्याला विचित्र वाटेल, असं वाटून शेवटी केकचा इमोजी टाकला जातो.

या भीतीवर अमेरिकेतल्या अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी काम केलंय. २०१८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना आपल्या आयुष्यातल्या एखाद्या व्यक्तीला आभाराचं पत्र लिहायला सांगितलं. समोरच्याला ते वाचून कसं वाटेल, याचा अंदाज लिहिणाऱ्यांकडून घेतला आणि नंतर पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना बराच जास्त आनंद झाला होता आणि अवघडलेपण कमी वाटलं होतं. असं का झालं? लिहिणारा आपले शब्द बरोबर आहेत का, हे तपासत बसतो. वाचणारा त्यातला जिव्हाळा बघतो.

हा प्रयोग वाढदिवसाच्या मेसेजवर नव्हता, हे खरं. पण अडकण्याची जागा तीच आहे. म्हणून शुद्ध, सजवलेलं मराठी लिहिण्याच्या फंदात न पडता तुम्ही दोघं एरवी जसं बोलता तसंच लिहावं. इचलकरंजीच्या मित्रानं 'म्हाईत हाय' असंच लिहिलं. त्यानं अचानक 'आपणास उदंड आयुष्य लाभो' लिहिलं असतं, तर समोरच्यानं हा मेसेज कुठून कॉपी केलास, असंच विचारलं असतं.

तरीही सुरुवात सुचत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. स्वतःला विचारा: गेल्या महिन्याभरात कुठली गोष्ट बघून या माणसाची आठवण झाली? एखादं हॉटेल, एखादं गाणं, त्यानं शिकवलेली एक्सेलची ट्रिक, तिनं कधीतरी दिलेली आणि अजून परत न केलेली छत्री. ती गोष्ट जशी घडली तशी दोन वाक्यांत लिहा. मेसेजचा अर्धा भाग तयार झाला.

किती वाजता पाठवायचा?

बारा वाजता पाठवण्याची पद्धत आहे, आणि जवळच्या मित्राचा मेसेज बाराला आला नाही तर 'हा विसरला' असं वाटू शकतं. त्यामुळे बाराला एक ओळ टाकायला हरकत नाही: 'शुभेच्छा भावा, बाकी उद्या निवांत लिहितो.' खरा मेसेज मात्र दिवसासाठी राखून ठेवावा.

दिवसाचा कुठला भाग रिकामा आहे, हे ओळखणं महत्त्वाचं. श्रीपेरुंबुदूरच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी आई-वडिलांचा फोन येतो. दहा-अकरापर्यंत काका, मावशी, आत्या आटपतात. दुपारी दोननंतर फोन थंडावतो. इथून रात्री झोपेपर्यंतचे आठ-नऊ तास लांबतात. म्हणून मेसेज दुपारी दोन-अडीचला आणि कॉल साडेआठला. 

अनपेक्षित वेळेचा आणखी एक फायदा आहे. २०२२ मध्ये 'जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी'मध्ये पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यातल्या वेगवेगळ्या प्रयोगांत मिळून ५,९०० हून जास्त लोक होते. आपण सहज म्हणून कुणाची विचारपूस केली, तर ती समोरच्याला किती आवडते याचा अंदाज आपण कमीच करतो, असं त्यात दिसलं. आणि ती विचारपूस जितकी अनपेक्षित, तितकी ती जास्त आवडते. बारा वाजताच्या मेसेजची सगळ्यांना अपेक्षा असते. दुपारी अडीचच्या मेसेजची कुणालाच नसते.

हे सगळं त्या दिवशी विचारून ठरवता येत नाही. त्यामुळे दोन-तीन दिवस आधीच साध्या गप्पांमध्ये माहिती काढून ठेवावी: शिफ्ट कुठली आहे, रूमवर कोण असणार, मेस चालू आहे का. त्या दिवशी 'काय प्लॅन?' विचारलं तर ते टोचतं. तीन दिवस आधी 'पोंगलला मेस चालू असते का रे तुमची?' विचारलं तर ती नुसती चौकशी असते.

मित्र परदेशात असेल तर?

तिथं भारतातल्या बाराला पाठवलेला मेसेज बऱ्याचदा आदल्याच दिवशी पोहोचतो. जानेवारीत जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे आपल्याकडे १६ तारीख लागते तेव्हा तिथं १५ तारखेचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. अमेरिकेत न्यूयॉर्कला तर १५ तारखेची दुपारचे दीड वाजलेली वेळ असते. मित्र ऑफिसमध्ये असतो आणि त्याचा वाढदिवस सुरूही झालेला नसतो. मग त्याचा खरा वाढदिवस उजाडतो तेव्हा भारतातल्या सगळ्यांच्या शुभेच्छा देऊन संपलेल्या असतात.

जर्मनीच्या बाबतीत उलटा हिशेब करून बघा. मेसेज बाराला पाठवायचाच असेल तर पुढच्या रात्री पाठवा. आपल्याकडे १६ तारीख संपते तेव्हा तिथं १६ तारखेचे संध्याकाळचे साडेसात वाजतात, म्हणजे तो कामावरून खोलीवर परत आलेला असतो. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा हाच फरक साडेतीन तासांचा होतो.

टाइप करायचं, व्हॉइस नोट की कॉल?

कॉल केला तर अवघड होईल, म्हणून अनेक जण मेसेजवर भागवतात. याच कुमार आणि एप्लींनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं, काहींना ईमेलनं तर काहींना फोनवर. फोनवर बोलणं जास्त अवघड जाईल, अशी लोकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तसं झालं नाही, आणि आवाजातून बोललेल्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली.

पण कॉलची एक अडचण आहे. समोरचा त्या क्षणी रडवेला असेल, किंवा शेजारी अनोळखी माणसं असतील, तर त्याला तो उचलावासा वाटत नाही. व्हॉइस नोट तो हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा ऐकू शकतो. म्हणून न सांगता कॉल करायचा नसेल तर व्हॉइस नोट, आणि वेळ सांगून करायचा असेल तर कॉल, अशी विभागणी सोयीची पडते. व्हॉइस नोट मिनिटभराची पुरे. मागून चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह किंवा मागांचा खडखडाट ऐकू आला, तर तो बंद करायची गरज नाही. त्याच्यासाठी तो गावाचा आवाज असतो.

स्टेटसवर फोटो टाकणं हा मेसेजला पर्याय होत नाही. स्टेटस २४ तासांत जातं आणि ते सगळ्यांसाठी असतं. टाकायचंच असेल तर निरोपाच्या फोटोपेक्षा त्याचा सध्याचा, कामाच्या ठिकाणचा फोटो बरा.

केक पाठवायचा का?

ॲपवरून अर्धा किलोचा केक पाठवणं सोपं आहे. पण खोलीत एकटा मुलगा आणि समोर सहा जणांना पुरेल एवढा केक, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा. कापायला कुणी नाही, फोटो काढायला कुणी नाही, उरलेला ठेवायला फ्रिज नाही. त्यापेक्षा एका माणसाचं जेवण पाठवावं, विशेषतः मेस बंद असेल तेव्हा. नाहीतर वाटता येईल असं काही पाठवावं. संक्रांतीच्या आठवड्यातला वाढदिवस असल्यानं या मुलाला आठवडाभर आधी पोस्टानं तिळाच्या वड्यांचा डबा पाठवता आला असता. हॉस्टेलच्या वॉचमनला दोन वड्या दिल्या तरी दिवसात एका माणसाशी समोरासमोर बोलणं होतं. ॲपवरून मागवताना फोन नंबर मात्र त्याचाच द्यावा. नाहीतर पत्ता विचारणारा तमिळमधला फोन इचलकरंजीत वाजतो.

मेसेज पोहोचला, हे कसं ओळखायचं?

उत्तर लांब आहे की छोटं, यावरून फारसं कळत नाही. त्यानं तुम्ही सांगितलेली गोष्ट धरून पुढे काही लिहिलं का, ते बघा. 'थँक्स भावा' हे उत्तर सगळ्यांना गेलेलं असतं. 'पट्टा सरकंल, पावसाळ्याआधी एकदा ताण बघायला सांग आण्णास्नी' असं उत्तर आलं, तर मेसेज पोहोचला.

आणि काहीच उत्तर आलं नाही तर? रुसायचं नाही, 'बघितलंस पण रिप्लाय नाही' असं लिहायचं नाही. साडेआठला कॉल करायचा. उचलला नाही तर 'आहोत आम्ही दहापर्यंत इथंच' एवढंच टाकायचं. सांगितलेली वेळ पाळणं इथं सगळ्यात महत्त्वाचं. साडेआठचा कॉल तुम्ही विसरलात, तर मेसेज न पाठवण्यापेक्षा ते वाईट ठरतं, कारण तो दुपारपासून त्या कॉलची वाट बघत असतो.

एका मेसेजची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. वाढदिवशी एकटं वाटणं आणि कित्येक आठवडे झोप, जेवण, कामावर जाणं विस्कटलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना 'आता कशातच अर्थ नाही', 'मी नसलो तरी कुणाला फरक पडणार नाही' अशी वाक्यं येत असतील, तर गंमत करून विषय बदलू नये. तसा विचार मनात येतोय का, हे सरळ विचारावं, फोन चालू ठेवावा आणि त्याच्या घरच्यांना किंवा हॉस्टेलमधल्या कुणाला तरी कळवावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते. तिथं मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

बाकी वेळी साडेआठचा कॉल पुरतो. चहाच्या गाड्यावर तिघं एका फोनमध्ये डोकावतात, गाडेवाल्याला कॅमेऱ्यात ओढलं जातं, नेटवर्क दोनदा जातं. पंधरा-वीस मिनिटं होतात. त्यात वाढदिवसाचा विषय फार तर दोन मिनिटं निघतो, बाकी वेळ मागाच्या पट्ट्यावर वाद चालतो.